स्वतःलाच मतं देणारी ‘लोकप्रिय’ यादी: इंदूरच्या एका ऑडिओ ॲपचं प्रकरण

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एक निवृत्त मराठी शिक्षिका आणि त्यांचा भाचा मिळून एक छोटं ऑडिओ ॲप चालवतात. कथावाचन, बालकथा, कीर्तनं, व्याख्यानं आणि सणावाराच्या आरत्या-स्तोत्रं अशी 412 ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. ऐकणारी बहुतेक माळव्यातली मराठी घरं: इंदूर, देवास, उज्जैन, आणि नोकरीसाठी बाहेर पडलेली त्यांची मुलं. महिन्यातून एकदा तरी काही लावणारे श्रोते साधारण 320. काय मुद्रित करायचं, कोणाच्या आवाजात, हे काकू ठरवतात. कोड भाचा लिहितो.

तक्रार काकूंची होती. दिवाळी होऊन गेली तरी होम स्क्रीनवर पहिल्या नंबरला गणपतीच्या आरत्या, आणि महिनाभर खपून मुद्रित केलेली नवी कथामालिका कुठे तळाशी. भाच्याचं म्हणणं, हे हाताने सुटायचं नाही, आता मशीन लर्निंगचं रेकमेंडेशन बसवायला हवं. मी इंदुरातच एका कंपनीत याच प्रकारचं काम करतो, म्हणून दोघांनी मला बोलावलं. मॉडेलचं नंतर बघू, आधी आत्ताची यादी कशी बनते ते दाखव, एवढंच मी म्हणालो.

यादी बनत होती ती एका ओळीत. ॲप सुरू झाल्यापासून प्रत्येक ध्वनिमुद्रण किती वेळा ‘प्ले’ झालं ते मोजायचं आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावायचं. वरची बारा कार्डं होम स्क्रीनवर. त्यातली चार स्क्रोल न करता दिसतात, बाकीची बोट फिरवल्यावर.

यादी जिंकवते, गोष्ट जिंकत नाही

अशा यादीत एक चक्र दडलेलं असतं. वर असलेलं कार्ड जास्त दिसतं, म्हणून जास्त दाबलं जातं, म्हणून त्याचा आकडा वाढतो, म्हणून ते वरच राहतं. पहिल्या आठवड्यात योगायोगाने पुढे गेलेलं ध्वनिमुद्रण वर्षभर पुढेच राहतं, आणि नव्याला तिथे पोचायला वाट नसते. हे सगळ्यांना ऐकून ठाऊक असतं, पण आपल्या ॲपमध्ये खरंच तसं चाललंय की ती गोष्ट मुळातच लोकांना आवडते, हे कसं ओळखायचं?

त्यासाठी अगदी साधी चाचणी आहे. एका आठवड्यासाठी पहिल्या आणि नवव्या क्रमांकाच्या कार्डांची अदलाबदल करायची, बाकी काही हलवायचं नाही. आम्ही केली. नवव्या जागेवरची कथा वर जाताच तिचे ‘प्ले’ जवळजवळ पहिल्याच्या जुन्या आकड्यावर गेले, आणि पहिलीचे घसरून नवव्याच्या आसपास आले. म्हणजे आकडा जागेचा होता. पण त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट हलली नाही: सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं, ते प्रमाण दोन्ही कथांचं जसं होतं तसंच राहिलं. जागा बोट दाबायला लावते, ऐकत बसायला लावत नाही. मोजायला योग्य काय, ते या एका आठवड्यात कळलं.

तेव्हा पहिला नियम असा ठरला की ‘प्ले’ मोजायचे नाहीत, ‘पूर्ण ऐकलं’ मोजायचं. पूर्ण म्हणजे 85 टक्के. शंभर टक्के धरलं तर फसगत होते, कारण या ॲपमध्ये प्रत्येक कथेच्या शेवटी वाचकाचं नाव, मुद्रणाचा तपशील आणि समाप्तीची धून असते, आणि कथा संपल्याबरोबर बहुतेक जण तिथेच बंद करतात.

हा नियम लावून यादी काढली तर वर आली दीड-दीड तासाची तत्त्वज्ञानावरची व्याख्यानं. काकू चष्मा वर करून म्हणाल्या, “अरे, ही मी स्वतः पूर्ण ऐकलेली नाहीत!”

झोपलेला श्रोता

कारण वेळ बघितल्यावर सापडलं. त्या व्याख्यानांचे ‘पूर्ण’ जवळजवळ सगळे रात्री साडेदहानंतरचे होते. लोक झोपताना काहीतरी लावतात आणि झोपी जातात. व्याख्यान संपतं, ऑटोप्ले पुढचं लावतो, तेही संपतं, फोनची बॅटरी संपेपर्यंत हे चालू. ॲपच्या लेखी हा आदर्श श्रोता.

याची दुसरी खूण जास्त पक्की होती. ऑटोप्ले डेटाबेसमधल्या क्रमांकाप्रमाणे पुढचं उचलत होता, त्यामुळे लागोपाठच्या क्रमांकांची मुद्रणं, विषयाने एकमेकांशी काडीचा संबंध नसताना, सारखीच ‘लाडकी’ दिसत होती. कीर्तनाशेजारी पडलेली शंकरपाळ्यांची पाककृती कीर्तनाइतकीच पूर्ण ऐकली जात होती. कुठल्याही ॲपमध्ये शेजारच्या आयडींचे आकडे असे हातात हात घालून चालताना दिसले तर आवडीआधी ऑटोप्लेवर संशय घ्यावा.

उपाय दोन भागांत केला. जे मुद्रण श्रोत्याने स्वतः बोटाने लावलं तेवढंच मोजायचं, ऑटोप्लेने लावलेलं हिशेबात घ्यायचंच नाही. आणि बोटाने लावलेल्यानंतर स्क्रीनला हात न लागता ऑटोप्लेने आणखी तीन मुद्रणं वाजवली असतील, तर ते पहिलंही ‘माहीत नाही’ धरायचं. ‘पूर्ण’मध्ये नाही आणि ‘अपूर्ण’मध्येही नाही, सरळ गाळायचं. अपूर्ण धरलं असतं तर रात्री ऐकायला खरंच छान असलेल्या गोष्टींना उगाच शिक्षा झाली असती.

चार जणांचं शंभर टक्के

पुढचा गोंधळ छोट्या आकड्यांचा. चार जणांनी लावली आणि चौघांनी पूर्ण ऐकली, म्हणून एक बालकथा शंभर टक्क्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर बसली. ते चौघे म्हणजे वाचणाऱ्या मुलीचे आई-वडील आणि आजी-आजोबा असणार, असा काकूंचा अंदाज. तो बरोबर असो की नसो, चार जणांवरून काही ठरवू नये एवढं खरं. पण ‘पन्नासपेक्षा कमी प्ले असलेली गाळा’ असा नियम केला तर नवी मुद्रणं कधीच वर येणार नाहीत, म्हणजे फिरून तेच चक्र.

यावर जुना आणि साधा तोडगा आहे: प्रत्येक मुद्रणाला सुरुवातीला काही काल्पनिक श्रोते द्यायचे, जे ॲपच्या सरासरीइतकंच पूर्ण ऐकतात. चित्रपटांच्या क्रमवारीसाठी आयएमडीबीने वर्षानुवर्षं याच धाटणीचं सूत्र वापरलेलं आहे. आमच्याकडे दहा ते तीस मिनिटांच्या मुद्रणांची सरासरी 35 टक्के निघाली, आणि काल्पनिक श्रोते 20 घेतले.

```sql
SELECT item,
       (SUM(done) + 20 * 0.35) / (COUNT(*) + 20) AS score
FROM plays
WHERE started_by = 'tap'
  AND started_at > date('now', '-60 day')
GROUP BY item
ORDER BY score DESC;
```

तीन मुद्रणांवर हे करून बघू. ती बालकथा: 4 सुरू, 4 पूर्ण. सूत्रात 11 भागिले 24, म्हणजे 0.46. दुसरी एक विनोदी कथा, यादीत पार खाली असलेली: 150 सुरू, 84 पूर्ण, नुसतं प्रमाण 56 टक्के, सूत्रात 91 भागिले 170, म्हणजे 0.54. तिसरी, जुन्या यादीत कायम पहिल्या पाचांत असलेली: 240 सुरू, 53 पूर्ण, म्हणजे 22 टक्के, सूत्रात 60 भागिले 260, 0.23. विनोदी कथा पहिली आली, बालकथा तिच्या मागे पण सरासरीच्या पुढे उभी, आणि जुनी मातब्बर सरासरीच्याही खाली. चौघांच्या मताला थोडा मान मिळाला, पण सिंहासन नाही. आणखी तीस जणांनी ऐकली की बालकथेचा आकडा आपोआप खऱ्या जागी जाईल, त्यासाठी कोणी नियम बदलायला नको.

20 हाच आकडा का? त्यात काही शास्त्र नाही. 5 घेतले तर चौघांची बालकथा विनोदी कथेला मागे टाकते. 200 घेतले तर सगळीच मुद्रणं सरासरीला चिकटतात आणि यादीला चवच उरत नाही. मधले दोन-तीन आकडे लावून यादी काकूंसमोर ठेवली आणि ज्या यादीला त्यांनी सर्वांत कमी नाकं मुरडली तो घेतला. इतक्या कमी माहितीवर संपादकाचं नाक हे चांगलं मापक आहे, माझं तरी असं मत आहे.

लांबीचं मात्र विसरून चालत नाही. सहा मिनिटांची आरती कोणीही पूर्ण ऐकतो, पन्नास मिनिटांचं व्याख्यान पाचांतला एखादा. म्हणून दहा मिनिटांपर्यंत, दहा ते तीस, आणि तीसच्या वर असे तीन गट केले, प्रत्येकाची सरासरी वेगळी काढली आणि प्रत्येक मुद्रणाचा आकडा त्याच्या गटाच्या सरासरीने भागला. एकच्या वर म्हणजे आपल्या लांबीच्या मानाने चांगलं.

आणि गणपती? कोडातली 60 दिवसांची अट बऱ्याच अंशी त्यासाठीच. पण नुसत्या अटीने आरत्या कार्तिकापर्यंत रेंगाळल्याच असत्या आणि पुढच्या भाद्रपदात ऐन चतुर्थीला यादीत नसत्याच, कारण मागच्या 60 दिवसांत त्या कोणी ऐकलेल्या नसतात. सणाची मागणी मागच्या आठवड्यांवरून ओळखता येत नाही, ती पंचांगावरून कळते. म्हणून सणाच्या मुद्रणांना काकूंनी हाताने ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा दिल्या. त्या काळात ती वर, बाकी वर्षभर शिफारशीतून बाहेर; शोधून लावायची असतील तर आहेतच. वर्षातून एकदा दाते पंचांग घेऊन बसायचं, तासाभराचं काम. 412 मुद्रणांसाठी याहून हुशार काही शोधण्यात अर्थ नाही.

कोणाच्या आधी कोण

इथपर्यंत झालं ते सगळ्यांना एकच यादी दाखवण्यापुरतं. प्रत्येकाला थोडं त्याचं-त्याचं दाखवायचं तर नियमांचा क्रम लावावा लागतो. होम स्क्रीनच्या बारा जागा वरून खाली भरायच्या. एका नियमाकडे द्यायला काही नसेल तर जागा पुढच्या नियमाला.

सर्वांत वर ‘अर्धवट राहिलेलं किंवा पुढचा भाग’. मालिकेचा तिसरा भाग ऐकून संपवलेल्याला चौथा दाखवणं याहून खात्रीची शिफारस या धंद्यात नाही, आणि तरी जुन्या यादीत ज्याने पहिला भाग ऐकलेला नाही त्याला सातवा दिसत होता. म्हणून मालिकेचा एकच भाग शिफारशीला पात्र ठरवला: ज्याने काही ऐकलं नाही त्याला पहिला, बाकीच्यांना त्यांचा पुढचा. या एका नियमाने बाकी सगळ्या नियमांहून जास्त काम केलं, असं मी छातीठोकपणे सांगेन.

त्याच्या खाली ‘याच आवाजात आणखी’. हे आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं. भाच्याने विषय, लेखक, काळ असे बरेच टॅग लावून ठेवले होते. मी प्रत्येक टॅगसाठी बघितलं, की एक मुद्रण पूर्ण ऐकल्यावर माणूस आठवडाभरात बोटाने जे लावतो, त्यात तो टॅग किती वेळा जुळतो, आणि नुसत्या योगायोगाने किती वेळा जुळला असता. सगळ्यांत जास्त फरक विषयाला नव्हता, वाचणाऱ्या माणसाला होता. एका आजोबांचा संथ, जुन्या वळणाचा आवाज ऐकणारे त्यांचं कीर्तनही ऐकतात आणि शिकारकथाही. काकूंना यात नवल वाटलं नाही. “कथा कोणती ते लोक विसरतात, सांगणारा लक्षात राहतो,” त्या म्हणाल्या. मात्र एकाच आवाजाने स्क्रीन भरू नये म्हणून बारांत एका वाचकाची जास्तीत जास्त दोन कार्डं, अशी मर्यादा घातली.

तिसरा नियम ‘हे ऐकणाऱ्यांनी हेही ऐकलं’. ही कल्पना मोठी झाली ती ऑनलाइन दुकानांत. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी 2003 साली आपली वस्तूवरून वस्तू सुचवण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. छोट्या ॲपमध्ये ती चालते, पण दोन खड्डे टाळून.

पहिला खड्डा असा. शिकारकथा ऐकणारे 60 श्रोते. त्यांच्यापैकी 40 जणांनी एक फार गाजलेली विनोदी मालिकाही ऐकली, आणि 14 जणांनी जंगलातल्या आठवणींचं एक कथन ऐकलं. नुसतं मोजलं तर विनोदी मालिका जिंकते, पण ती 320 पैकी 200 जणांनी ऐकलेलीच आहे. शिकारकथेशी तिचा काही संबंध नसता तरी 60 पैकी साडेसदतीस जणांनी ती ऐकलीच असती. 40 म्हणजे काहीच विशेष नाही. जंगलातल्या आठवणी एकूण 25 जणांनीच ऐकल्या आहेत, योगायोगाने फार तर पाचेक जुळले असते, प्रत्यक्षात 14. जवळजवळ तिप्पट. म्हणून सामायिक श्रोत्यांची संख्या अपेक्षित संख्येने भागायची, आणि मग क्रम लावायचा. हे न केल्यास ‘हेही ऐकलं’च्या नावाखाली प्रत्येक पानावर तीच चार गाजलेली मुद्रणं येतात. अनेक ॲपांत ती तशी येतातच.

दुसरा खड्डा उलट्या बाजूचा. दोनच जणांनी ऐकलेलं एखादं मुद्रण त्या दोघांनी शिकारकथेसोबत ऐकलं असेल तर भागाकार पाचाच्या वर जातो आणि जंगलातल्या आठवणींनाही मागे टाकतो. म्हणून किमान 8 सामायिक श्रोते असल्याशिवाय जोडी धरायची नाही. 412 मुद्रणांच्या 84,666 जोड्या होतात. ही अट लावल्यावर त्यातल्या बहुतांश गळतात, आणि जोडीदार असा सापडतो फक्त जास्त ऐकल्या जाणाऱ्या मुद्रणांना. बाकीच्यांसाठी हा नियम गप्प बसतो आणि जागा खाली जाते. गप्प बसणं त्याला जमायला हवं, यातच त्याची अर्धी किंमत आहे.

उरलेल्या जागा वर सांगितलेल्या सुधारलेल्या यादीने भरतात. पूर्ण ऐकलेलं परत दाखवायचं नाही; आरत्या आणि बालकथा याला अपवाद, कारण लहान मुलांना तीच गोष्ट विसाव्यांदा हवी असते. आणि चौथी जागा, म्हणजे स्क्रोल न करता दिसणारी शेवटची, नव्या मुद्रणासाठी राखीव. ती आकड्यांवर भरायचीच नाही: गेल्या महिन्याभरातल्या ज्या मुद्रणाला आत्तापर्यंत सर्वांत कमी वेळा दाखवलं गेलं, ते तिथे. काकूंची नवी कथामालिका अशीच पुढे आली. दाखवण्याच्या संख्येवर ही पाळी लावली नसती तर पहिल्या दिवशी ज्याला टॅप मिळाले तेच महिनाभर तिथे बसलं असतं.

प्रत्येक कार्डाखाली कारणाची एक ओळ येते: ‘याच आवाजात’, ‘नवीन’, ‘पुढचा भाग’. नियमांचं हे एक सुख. कारण आधीच ठाऊक असतं, बनवून सांगावं लागत नाही.

खरंच सुधारलं का

भाच्याला सरळ अर्ध्या लोकांना जुनी आणि अर्ध्यांना नवी यादी दाखवून तुलना करायची होती. हिशेब करून बघितला तर ते या ॲपला परवडणारं नव्हतं. अर्धे म्हणजे 160 श्रोते. समजा आठवड्यातून एकदा तरी काही पूर्ण ऐकणारे एका बाजूला 40 टक्के आणि दुसऱ्या बाजूला 50 टक्के निघाले. एवढ्या लोकांत या दोन टक्केवाऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे नुसत्या नशिबाने तो फरक साधारण जेवढा हलतो ते माप, साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते, आणि खात्रीने बोलायला साधारण तिच्या दुप्पट फरक लागतो. म्हणजे दहा टक्क्यांची भरघोस सुधारणाही नुसत्या नशिबापासून वेगळी काढता आली नसती.

म्हणून दुसरा मार्ग घेतला, जो शोधयंत्रांची तुलना करणाऱ्यांनी रूढ केला: दोन्ही याद्या एकाच श्रोत्याच्या स्क्रीनवर मिसळायच्या. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दोन कप्तान टॉस करून आळीपाळीने गडी निवडतात तसं. टॉस जिंकलेली यादी आपलं पहिलं कार्ड देते, मग दुसरी आपलं, पुढच्या फेरीला पुन्हा टॉस. एकीने उचललेलं कार्ड दुसरी परत उचलत नाही. कोणतं कार्ड कोणत्या यादीचं हे श्रोत्याला दिसत नाही, आपल्या नोंदीत मात्र असतं. प्रत्येक श्रोता स्वतःच दोन्ही याद्यांची तुलना करतो, त्यामुळे माणसा-माणसांतला फरक आपोआप बाजूला पडतो आणि थोड्या लोकांत निकाल दिसतो.

मोजताना मात्र टॅप मोजायचे नाहीत, माणसं मोजायची. एक काका सकाळी पोहे खाताना लावतात ते रात्रीपर्यंत. त्यांचे एकट्याचेच आकडे वीस जणांवर भारी. म्हणून प्रत्येक श्रोत्याने कोणत्या यादीतली जास्त मुद्रणं पूर्ण ऐकली ते बघून त्याचं एकच मत धरलं. 74 मतं नव्या यादीला, 41 जुनीला, बाकीचे बरोबरीत किंवा काहीच न ऐकलेले. दोन्ही याद्या सारख्याच असत्या तर 115 मतांत 57-58 पडली असती, पाचेक इकडे-तिकडे. 74 हे त्याच्या बरंच बाहेर आहे.

या चाचणीलाही मर्यादा आहे. एकाच स्क्रीनवर कोणती यादी सरस, एवढंच ती सांगते. नव्या यादीमुळे लोक ॲपकडे जास्त वेळा परत येतात का, हे तिला विचारण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक श्रोत्याने दोन्ही याद्या पाहिलेल्या असतात.

मग मॉडेल कधी

भाच्याचा प्रश्न अजून तसाच होता, आणि तो रास्त होता. मी त्याच्यापुढे दोन आकडे ठेवले. नेटफ्लिक्सने 2006 साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावून जी माहिती स्पर्धकांना दिली, तिच्यात सुमारे 4 लाख 80 हजार प्रेक्षक, 17,770 चित्रपट आणि प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेले दहा कोटींच्या वर गुण होते. प्रेक्षक गुणिले चित्रपट असा तक्ता मांडला तर त्यातली जेमतेम सव्वा टक्का घरं भरलेली. आमच्या तक्त्यात 320 गुणिले 412 पैकी सुमारे 5,300 घरं भरलेली, म्हणजे चार टक्के. भाचा खूश झाला, “म्हणजे आपला डेटा जास्त दाट आहे!”

दाट आहे, पण उथळ. नेटफ्लिक्सच्या त्या तक्त्यात एका चित्रपटामागे सरासरी साडेपाच हजारांवर गुण होते, एका प्रेक्षकामागे दोनशे. आमच्याकडे एका मुद्रणामागे 13 श्रोते आणि एका श्रोत्यामागे 16-17 मुद्रणं. अशा तक्त्यावर प्रत्येक श्रोत्याचे आणि मुद्रणाचे दहा-दहा छुपे गुणधर्म शिकणारं मॉडेल बसवलं तर शिकायचे आकडे 7,320 आणि शिकवायला नोंदी 5,300. ते मॉडेल पाठांतर करेल. थोडं शिकलंच तर बहुधा तेवढंच शिकेल जे आवाजाच्या आणि पुढच्या भागाच्या नियमांत आधीच लिहिलेलं आहे.

म्हणून नोंदी पुरेशा जमेपर्यंत मॉडेल नको. तोवर करण्यासारखं मात्र एक काम होतं, आणि ते तातडीचं. जुन्या ॲपमध्ये काय दाबलं याची नोंद होती, काय दाखवलं याची नव्हती. एखादी कथा कोणी लावली नाही, म्हणजे आवडली नाही की दिसलीच नाही, हे त्या नोंदीवरून कधीच कळणार नाही. उद्या मॉडेल आलं तरी ते या नोंदीवरून तेच जुनं चक्र शिकेल. म्हणून आता प्रत्येक कार्डाची एक ओळ पडते:

```
shown_at, user_id, slot, item_id, rule, tapped, seconds_heard
```

‘दाखवलं’ कशाला म्हणायचं, यावर थोडी घासाघीस झाली. स्क्रोल करताना झरकन वर गेलेलं कार्ड दाखवलं म्हणायचं का? जाहिरातींच्या धंद्यात रूढ असलेली व्याख्याच घेतली: किमान अर्धं कार्ड, किमान एक सेकंद, स्क्रीनवर. `slot` म्हणजे कितवी जागा, तिच्यामुळे जागेचा प्रभाव नंतर वजा करता येतो. `rule` म्हणजे कोणत्या नियमाने ते कार्ड आणलं. या रकान्यावरून आठवड्यातून एकदा दिसतं की कोणता नियम कामाला येतो आणि कोणता नुसता जागा अडवतो. त्यातून एक नियम काढूनही टाकला: ‘याच विषयावरचं’. त्याची कार्डं भरपूर दिसत होती आणि पूर्ण ऐकणारे सरासरीहून कमी होते.

एक गोष्ट नियमांनी सुटली नाही. माळव्यातल्या घरात फोन एकाचा असतो, ऐकणारं सगळं घर. दुपारी आजी कीर्तन लावते, संध्याकाळी नातू राक्षसाची गोष्ट, रात्री सून कादंबरीचा भाग, आणि ॲपला हे तिघं मिळून एकच विचित्र माणूस दिसतो. ‘हे ऐकणाऱ्यांनी हेही ऐकलं’मध्ये कीर्तनाला राक्षसाची गोष्ट चिकटली ती यामुळेच. सध्या एवढंच केलंय की जोड्या मोजताना एका फोनवर दोन तासांच्या आत लावलेली मुद्रणंच एकत्र धरायची, आणि आवाजाचा नियम संपूर्ण इतिहासावर न चालवता शेवटी बोटाने लावलेल्या मुद्रणावर चालवायचा. त्याने जोड्या आणखी कमी झाल्या, पण ज्या उरल्या त्या पटण्यासारख्या आहेत. भाचा आता ॲप उघडताना ‘कोण ऐकतंय?’ असं विचारणारी स्क्रीन टाकू म्हणतोय. काकूंचा विरोध आहे: आजीला आणखी एक बटण दाबायला लावलं तर ती रेडिओ लावेल.